तीन कोटेशने, एक तक्ता आणि ‘लमसम’ नावाचा छळ

आज संध्याकाळी आलेल्या कोटेशनने माझा संयम संपवला. बाथरूमच्या नूतनीकरणासाठी तीन ठेकेदारांना मी एकच कोरा तक्ता पाठवला होता. त्यात कामाचे नाव, माप आणि एकक मी स्वतः भरून दिले होते. त्यांनी फक्त दर, कर आणि वॉरंटीचे रकाने भरायचे होते. त्यातल्या एकाने तोडफोड, वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग, टाइल्स आणि डेब्रिज उचलणे या पाचही ओळी पुसून टाकल्या आणि त्यांच्या जागी लिहिले, ‘बाथरूम कंप्लीट, लमसम, १,४८,००० रुपये.’ फोन केला तर म्हणतो, ‘मॅडम, एवढं बारीक कोण बघतं? साहेबांशी बोलणं करून द्या.’ पैसे मी देणार, माप मी काढले आणि बोलणे मात्र साहेबांशी! ओळी पुसण्यामागचा हेतू मला पुरता कळतो. प्लंबिंगचा वेगळा दर लिहिला नसला की उद्या भिंतीतला जुना पाइप गंजलेला निघाल्यावर ‘हे त्यात धरलेले नव्हते’ असे म्हणायला रान मोकळे राहते, आणि एखादे काम मी वगळायला सांगितले तर त्याचे किती रुपये कमी व्हावेत हेही तोच ठरवतो.

उरलेल्या दोघांनी दर दिले, पण त्यांतल्या एकाने माझी मापे बदलली. बाथरूम आठ बाय पाच फुटांचे आहे. जमीन ४० चौरस फूट आणि भोवतालच्या भिंतीवर एक फूट उंचीपर्यंतचे वॉटरप्रूफिंग २६ चौरस फूट, असे एकूण ६६ चौरस फूट मी लिहिले होते. एकाने त्यावर १४० रुपये दर लावला, म्हणजे ९,२४० रुपये. दुसऱ्याने दर ८५ रुपये दाखवला, पण न विचारता सात फूट उंचीपर्यंतच्या सगळ्या भिंती मापात घेतल्या, दाराची जागा वजा करून माप २०४ चौरस फुटांवर नेले आणि रक्कम १७,३४० रुपये केली. भिंतींना पूर्ण उंचीपर्यंत लेप देणे चुकीचे नाही. शॉवरच्या बाजूला तर ते हवेच. पण मग तसे स्पष्ट लिहावे, स्वस्त दराच्या आड लपवू नये. टाइल्सचेही तेच. ‘बेसिक रेट ४५’ असे लिहून मोकळे होतात. दुकानात ७० रुपयांची टाइल पसंत पडली की वरचे २५ रुपये आपल्या माथी, तेही कापाकापीतल्या दहा टक्के तुटीसकट सुमारे २२४ चौरस फुटांवर, म्हणजे ५,६०० रुपये.

करांच्या रकान्यात तर उघड लबाडी आहे. लमसमवाल्याने शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत ‘जीएसटी एक्स्ट्रा’ लिहिले आहे. १८ टक्क्यांनी ते २६,६४० रुपये होतात आणि त्याची रक्कम १,७४,६४० वर जाते. मला या कराची वजावट कुठेही मिळत नाही, त्यामुळे माझ्या दृष्टीने हीच त्याची खरी किंमत आहे. दुसऱ्याने ‘सर्व करांसहित’ म्हटले, पण जीएसटी क्रमांक विचारताच विषय बदलला. नोंदणीच नसेल तर तो कोणता कर गोळा करणार आणि कुठे भरणार? तिसरा जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहे आणि तरीही सहा टक्के वेगळे लावतो. त्या योजनेतल्या व्यावसायिकाला ग्राहकाकडून कर वसूल करताच येत नाही, तो त्याने स्वतःच्या खिशातून भरायचा असतो आणि आपण कर घेण्यास पात्र नाही हे बिलावर लिहायचे असते. ही अट त्याला माहीत नाही यावर माझा विश्वास नाही.

आणि ‘दहा वर्षांची वॉरंटी’! ही वॉरंटी रसायन बनवणाऱ्या कंपनीची असते. गळती झाली तर नवीन डबा मिळेल. टाइल्स फोडणे, पुन्हा बसवणे, मजुरी आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचे खराब झालेले छत यांतले काहीही तिच्यात सहसा येत नाही. शिवाय लेप देणारा त्या कंपनीचा अधिकृत ॲप्लिकेटर नसेल तर तेवढेही मिळेल याची खात्री नाही. मजुरीसह एक वर्षाची लेखी हमी देणारा ठेकेदार मला यापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो. मागे रंगाऱ्याने खिडक्यादारांची मापे वजा न करता बिल लावले होते आणि सुताराने कपाटाच्या आतल्या फळ्या पुन्हा वेगळ्या मोजल्या होत्या, तेव्हा मी वाद टाळला होता. या वेळी टाळणार नाही.

तिघांनाही तोच तक्ता पुन्हा पाठवला आहे. मापे तीच ठेवली असून तीन रकाने वाढवले आहेत: करासहित रक्कम, जीएसटी क्रमांक आणि ‘गळती झाल्यास टाइल्स व मजुरीसह दुरुस्ती कोण करणार’. टाइल्स लावण्यापूर्वी ड्रेन बंद करून ४८ तास पाणी साठवून ठेवायचे, खालच्या घरात ओल दिसली नाही तरच वॉटरप्रूफिंगचे पैसे द्यायचे, ही अटही खाली लिहिली आहे. ज्याचा रकाना रिकामा येईल, त्याचे कोटेशन मी तुलनेत धरणार नाही.