ताक खुशाल प्या, स्मूदी मात्र मोजा

«ताई, पातळ पदार्थांतल्या कॅलरींनी पोट भरत नाही, म्हणून पेयंही मोजून प्या, हा तुमचा लेख पटला नाही. नागपूरच्या मे महिन्यात माणूस ताक आणि नारळपाणी पिणार नाही तर काय करणार? माझी स्मूदी घरची आहे, वरून साखर घालत नाही. दूध, केळं, आंबा, खजूर, मध, पीनट बटर, बस. हेच ताटात घेऊन खाल्लं असतं तर तुम्ही काही म्हटलं नसतं. पोटात गेल्यावर सगळं सारखंच. माझा मुलगाही रोज तेच पितो, त्याचं वजन तर वाढत नाही.»

दादा, ताकावर आपलं भांडण नाहीच. अर्धी वाटी दही, म्हणजे साधारण 50 ग्रॅम, त्यात पाणी, मीठ आणि जिरेपूड घालून घुसळलं की पेलाभर ताकात 30 ते 40 कॅलरी होतात. एका शहाळ्याच्या पाण्यात 50 ते 60. दुपारी उन्हातून आल्यावर दोन पेले ताक घेतलंत तरी दिवसाच्या हिशेबात ते फारसं दिसणार नाही. घामातून मीठ जातं ना, तेव्हा मीठ घातलेलं ताक जास्त कामाचं, कारण नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी असतं. फक्त दही घट्ट ठेवून साखर घातली की ते ताक राहत नाही, लस्सी होते, आणि तिचा हिशेब वेगळा.

आता स्मूदी. तुम्ही प्रमाण लिहिलेलं नाही, म्हणून घरी साधारण जसं घालतात तसं धरते. फुल क्रीम दूध 250 मिली, म्हणजे सव्वादोनशे कॅलरींच्या आसपास. मध्यम केळं 100. आंब्याचा गर 150 ग्रॅम, 90. तीन लहान खजूर 60. मोठा चमचा मध 60. पीनट बटर दोन मोठे चमचे, 190. झाले सव्वासातशे! केळं आणि आंबा मिळून जेवढ्या कॅलरी देतात, तेवढ्या एकट्या पीनट बटरच्या आहेत, आणि हा चमचा कधी सपाट भरला जात नाही, त्यावर डोंगर असतोच. साखर घातली नाही हे खरं, पण मध आणि खजुराची गोडी साखरेचीच आहे.

«ताटात घेऊन खाल्लं असतं तर» हा तुमचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. एवढं सगळं चावून खायला वीस मिनिटं तरी लागतील, आणि बहुतेक जण मध्येच थांबतील. पेला पाच मिनिटांत रिकामा होतो. चावणं, तोंडात घास घोळणं, पोटाचं ताणलं जाणं, यांतूनच मेंदूला भरल्याची खबर लागते. पातळ पदार्थ तोंडात थांबत नाही आणि पोटातूनही सहसा लवकर पुढे सरकतो.

2000 साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच लोकांना चार आठवडे रोज 450 कॅलरींचं गोड पेय दिलं, आणि वेगळे चार आठवडे तितक्याच कॅलरींच्या जेली गोळ्या. गोळ्यांच्या काळात लोकांनी नकळत बाकीचं जेवण तेवढं कमी केलं. पेयाच्या काळात जेवण कमी झालंच नाही, कॅलरी वरच्या वर चढल्या. प्रयोगातली माणसं पंधराच होती आणि पेय सोड्याचं होतं, हे खरं. तुमच्या स्मूदीत तंतू आणि प्रथिनं आहेत, ती जाडही आहे, त्यामुळे ती सोड्यापेक्षा नक्कीच जास्त वेळ टिकेल. किती टिकते, ते तुमच्या दहा-अकरा वाजताच्या भुकेवरून कळेल. सकाळी स्मूदी आणि अकराला ऑफिसजवळ तर्री पोहे, हे रोज होत असेल तर स्मूदी नाश्ता झालीच नाही. तो नाश्त्याआधीचा नाश्ता झाला.

मोजायला सोपं आहे. मिक्सरचं भांडं वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, एकेक जिन्नस घाला आणि प्रत्येक वेळी पुन्हा शून्य करा. दूध मापाच्या कपाने घ्या, कारण स्टीलचे पेले 200 चेही असतात आणि 300 चेही. मग मध काढून टाका, पीनट बटर एकच सपाट चमचा ठेवा, आणि केळं मिक्सरमध्ये न घालता बाजूला चावून खा. अकराच्या भुकेत फरक पडतो का, ते आठवडाभर बघा.

प्रोटीन शेकलाही हेच लागू. एक स्कूप पाण्यात साधारण 120 कॅलरी, तोच 300 मिली फुल क्रीम दुधात केळं घालून पावणेपाचशेच्या पुढे. प्रथिनाने पोट भरतं हे खरं, पण जिमहून आल्यावर शेक घेऊन मग रात्रीचं जेवणही नेहमीएवढंच झालं, तर तो शेक वरचा.

मुलाचं म्हणाल, तर तो खेळत, व्यायाम करत असेल आणि वजन वाढवायचं असेल, तर त्याला हाच पेला चालू द्या. भूक मारली न जाता कॅलरी जातात, हाच त्याचा फायदा. आजारातून उठलेल्या, जेवण न जाणाऱ्या माणसालाही म्हणूनच पातळ खाणं देतात. तुम्ही मात्र वजन उतरवायचं म्हणून तो पीत असाल, तर बापलेकांचे पेले वेगळे करा.