नऊ महिन्यांच्या बाळाला अप्पर बर्थ

आज दुपारी ऑफिसात डबा खाताना शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने मोठ्या कौतुकाने तिकीट दाखवलं. लेकीला घेऊन पहिल्यांदा माहेरी चाललीय, शुक्रवारी रात्री, पुण्याहून नागपूर, थर्ड एसी. तिकिटावर तीन नावं. ती, नवरा आणि बाळ. बाळाचं वय लिहिलंय 1, पूर्ण भाडं लागलंय, आणि बर्थ मिळालाय अप्पर. नऊ महिन्यांच्या लेकराला अप्पर! आणि हिला मिडल. मी हातातला घास खाली ठेवला. एजंट म्हणे तिला म्हणाला, "मॅडम, आता नियम बदललाय, बाळाचंही फुल तिकीट लागतं." दुपारपासून डोकं तापलंय माझं, म्हणून हे लिहितेय. मोठं होईल, पण ज्यांच्या घरी तान्हं आहे त्यांनी वाचाच.

नियम असा काही बदललेला नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीटच लागत नाही. बर्थ हवा असेल तर मात्र मोठ्या माणसाएवढं पूर्ण भाडं. (पाच ते बारामध्ये बर्थ न घेता अर्धं, बर्थ घेऊन पूर्ण. हे 2016 पासून आहे.) ऑनलाइन तिकीट काढताना प्रवाशांच्या यादीखाली बाळाची नोंद करायला वेगळी सोय असते, तिथे नाव आणि वय टाकायचं, पैसे लागत नाहीत. पण तेच नाव कुणी वरच्या मुख्य यादीत टाकलं की यंत्रणा त्याला बर्थ मागणारा प्रवासी समजते आणि पूर्ण भाडं लावते. एजंटने नेमकं तेच केलंय. चुकून केलं की मुद्दाम, देव जाणे.

कुणी म्हणेल, घेतला बर्थ तर घेतला, जागा तरी मिळाली. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी हे मान्य आहे, ते वेगळं झोपतं. पण तान्ह्या बाळाचा बर्थ तुमच्या बर्थला चिकटून थोडाच असतो? तो वर, नाहीतर समोर, नाहीतर पॅसेजपलीकडे. बाळ झोपणार तुमच्याच कुशीत. पैसे एका बर्थचे जातात आणि तो कामाला येतो तो बॅग ठेवायला. खरा प्रश्न बाळाच्या बर्थचा नसतोच, आईला लोअर मिळतो की नाही याचा असतो.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी लेक सात महिन्यांची असताना मी आणि सासूबाई याच मार्गाने निघालो होतो, डिसेंबरात. आमच्या दोघींचं एकच तिकीट काढलेलं. सासूबाई 61 वर्षांच्या, मी म्हटलं वय बघून त्यांना लोअर मिळेलच. मिळाला मिडल आणि अप्पर. खालच्या दोन बर्थवर एक काका, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, आणि एक पंचविशीचा मुलगा. काकांना विचारायचा प्रश्नच नव्हता. मुलाला विचारलं. त्याने कानातलं इअरफोनचं बोंडूक काढलं, "मी लोअर बघूनच बुक केलंय" म्हणाला आणि परत घातलं. दहा वाजता मिडल बर्थ वर झाला आणि मी सात महिन्यांचं पोर खांद्यावर घेऊन त्या शिडीवर चढले. सासूबाई खालून दोन्ही हात वर धरून उभ्या होत्या. त्यांचे ते हात मला अजून दिसतात.

हो, नियमाने त्या मुलाचं बरोबर होतं. बर्थ त्याचा होता. पण नियमाने बरोबर असणं म्हणजे सगळं झालं का?

आता सासूबाईंच्या वयाचं. लोअर बर्थचा एक वेगळा कोटा असतो. त्यात ज्येष्ठ नागरिक येतात, 45 किंवा त्याहून मोठ्या बायका येतात, गरोदर बायकाही येतात. अंगावर पिणारं बाळ असलेली तिशीतली आई यात नाही. पोटात बाळ असेपर्यंत तिचा विचार होतो, बाळ बाहेर आलं की ती साधी प्रवासी. हे लिहितानाही राग येतोय. आणि या कोट्यात एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी चालतात, तेही दोघं कोट्यात बसणारे. म्हणजे मी माझं नाव सासूबाईंबरोबर एका तिकिटावर टाकलं आणि त्यांचाही हक्काचा लोअर घालवला. त्यांचं तिकीट वेगळं काढून कोट्यात टाकलं असतं तर लोअर मिळण्याची चांगली शक्यता होती, आणि त्यांनी तो मला दिला असता. डबा वेगळा मिळायची भीती असते, हे खरं. म्हणून लवकर काढा, लागोपाठ काढा, आणि दोन तिकिटांचे डबे वेगळे आलेच तर गाडीत बदलून घेता येतात. लोअरच्या बदल्यात लोअर मागितला तर कुणी नाही म्हणत नाही.

घरात ज्येष्ठ कुणी बरोबर नसेल तर बुकिंग करताना 'किमान एक लोअर मिळाला तरच तिकीट काढा' असा पर्याय असतो, तो निवडायचा. नाही मिळाला तर तिकीट निघत नाही, मग दुसरी तारीख किंवा दुसरी गाडी बघायची. आणि वरच्या वर्गात आपोआप बढती देण्याची जी खूण असते ती काढून टाकायची. बढती मिळाली की बर्थ बदलतो आणि हातातला लोअर जाऊन अप्पर येऊ शकतो. परवडत असेल तर सेकंड एसीचा लोअर घ्या. तिथे मिडल बर्थच नाही, पडदा असतो, आणि रात्री दोन वाजताही ताठ बसून बाळाला पाजता येतं. थर्ड एसीत मिडल वर झाला की खालच्या बर्थवर मान वाकवूनच बसावं लागतं, मग आई आडवी होऊन पाजते आणि पाजता पाजता तिचा डोळा लागतो. जेमतेम दोन फुटांच्या बर्थवर हेच सगळ्यात धोक्याचं. म्हणून बरोबरच्या माणसाने पाळी लावून जागायचं. नवऱ्यांनो, तुम्हालाही सांगतेय. अप्परवर जाऊन घोरू नका.

बाळ बर्थच्या आतल्या, पाठीच्या बाजूला, उताणं. डोकं खिडकीकडे, पॅसेजकडे नाही, कारण रात्रभर तिथून बॅगा आणि कोपरं जात असतात. खिडकीची काच थंडीत गार पडते, तिच्यापासून वीतभर अंतर ठेवा. उशी नको. पांघरूण छातीपर्यंतच, तोंडावर कधीच नाही. रेल्वेची चादर दर वेळी धुतलेली असते, पण ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा धुतात असं खुद्द रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितलंय. ते बाळाला लावू नका, घरची गोधडी न्या. मानेमागे हात घालून बघायचं. घाम आला असेल तर अंगावरचा एक कपडा कमी करायचा. आणि साडीची झोळी बांधणाऱ्यांनो, दिवसा, समोर बसून, हात लावून ठीक आहे. रात्री सगळे झोपल्यावर तिच्यात बाळ ठेवू नका. गाठ सुटते.

दुधाचं सांगते, कारण त्या रात्री माझं तिथेही चुकलं. मी वरचं दूध घरूनच बाटलीत बनवून नेलं होतं. मनमाड येईपर्यंत ते नासलं. लेक भुकेने रडत होती, मी मिडल बर्थवर वाकून, खालून कुणीतरी "अरे यार" म्हणालं. तोच मुलगा होता की दुसरं कुणी, आता नक्की सांगता येणार नाही. बनवलेली पावडरची बाटली दोन तासांच्या पुढे वापरायचीच नसते. त्यामुळे पावडर मोजून कोरड्या डब्यांत, एका वेळेची एका डबीत, आणि घरी उकळलेलं पाणी चांगल्या थर्मासमध्ये. बाळ उठलं की तेव्हाच बनवायचं आणि उरलं तर टाकायचं. इलेक्ट्रिक किटली नेऊ नका, गाडीत ती लावायला बंदी आहे. आणि चार्जिंगचे सॉकेट रात्री 11 ते 5 बंद ठेवलेले असू शकतात, म्हणून फोन आधीच भरून ठेवा. डायपर संडासात टाकू नका. बायो-टॉयलेट तुंबतं आणि मग अख्ख्या डब्याचे हाल. वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत बांधा, सकाळी कचऱ्यात. डायपर बदलायचा तो बर्थवरच, मेणकापड पसरून. संडासात बाळाला झोपवायला जागाच नसते.

मनमाडनंतर साइड लोअरवरच्या एक आजी उठल्या. अकोल्याला उतरणार होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माय, लेकराले घेऊन इकडं ये, मी बसतो पायथ्याशी." मी नको नको म्हणत होते. त्यांनी माझ्या हातून पोरीला घेतलंच. साइड लोअर अरुंद असतो, पॅसेजला लागून असतो, पण वर मिडल नसल्यामुळे ताठ बसता येतं. मी पाजलं. आजींनी ओढणीच्या दोन टोकांना चिमटे लावून आडोसा केला. पर्समध्ये कपड्यांचे चिमटे होते त्यांच्या! तेव्हापासून माझ्याही पर्समध्ये असतात. जळगाव, भुसावळ, सगळं मागे गेलं आणि माझी पोर त्यांच्या मांडीवर झोपून होती. अकोल्याला उतरताना त्यांनी फक्त "बाळाची नजर काढजो" एवढंच म्हटलं. मी नाव विचारायचं विसरले.

रेल्वेने काही केलं नाही असंही नाही. 2022 च्या मे महिन्यात लखनौ मेलच्या एका डब्यात दोन लोअर बर्थना जोडून छोटे बेबी बर्थ लावून पाहिले होते, घडी घालता येणारे. मी तो फोटो किती जणींना पाठवला होता! पण तो प्रयोगच होता. अजून आपल्या तिकिटावर तसा पर्याय दिसत नाही.

आता थोडी शांत झालेय. त्या मुलाचंही वाटतं कधी कधी, दोन दिवस जागून कुठून तरी परीक्षा देऊन येत असेल. आपण विचारलं नाही.

मैत्रिणीला सांगितलंय, उद्या सकाळी एजंटला फोन कर, तिकीट त्याच्याकडचं आहे, तर चार्ट लागायच्या आधी फक्त बाळाचं नाव त्याच्याकडूनच रद्द करून घे. कपात होईल, पण बाकीचे पैसे परत येतील, आणि बाळाला तिकीट नसलं तरी चालतं. जन्मदाखल्याचा फोटो फोनमध्ये ठेव. गाडीत बसल्या बसल्या टीटीईला गाठ, लोअर रिकामा राहिला असेल तर बदलून माग. तिची आई तिला अकोल्याच्या पुढे बडनेऱ्याला भेटायला येणार आहे. मी मैत्रिणीकडे माझ्या लेकीची गोधडी देतेय, आणि चार चिमटे.