टोटल प्रोटीन ७, तरीही पायांवर सूज

"पायांवर सूज म्हणजे रक्तात प्रोटीन कमी. रिपोर्टमध्ये टोटल प्रोटीन ७ असेल तर निश्चिंत राहा. कमी असेल तर रोज चार अंडी खा, आठ दिवसांत अल्ब्युमिन वाढून सूज उतरते." (सांगली-साताऱ्याच्या गटांत फिरणारा संदेश)

आधी ७ या आकड्याविषयी. सांगलीतील आमच्या प्रयोगशाळेत तासगावकडील एका बागायतदाराचे रक्त तपासणीसाठी आले होते. टोटल प्रोटीन दर डेसिलिटरला ७.० ग्रॅम होते, पण त्याच कागदावर या बेरजेतली दोन प्रथिने, अल्ब्युमिन २.२ आणि ग्लोब्युलिन ४.८, अशी होती, आणि त्यांच्या घोट्यावर बोट दाबले की खड्डा राहत होता. यकृत आक्रसलेले असल्याने अल्ब्युमिन घटले होते आणि वाढलेल्या ग्लोब्युलिनमुळे बेरीज मात्र जुळली होती.

पाण्याला रक्तवाहिनीत धरून ठेवणारा ऑन्कॉटिक दाब प्रथिनांच्या वजनापेक्षा त्यांच्या रेणूंच्या संख्येवर ठरतो. अल्ब्युमिनचा रेणू लहान, सुमारे ६६ हजार डाल्टन वजनाचा, तर रक्ताची गुठळी बनवणाऱ्या फायब्रिनोजेनचा ३ लाख ४० हजारांचा. ग्लोब्युलिनचे रेणूही सरासरीने अल्ब्युमिनपेक्षा बरेच मोठे असतात. त्यामुळे एक ग्रॅम अल्ब्युमिनमध्ये रेणू जास्त भरतात, शिवाय त्यांचा ऋण भार सोडियमलाही आत रोखतो. निरोगी माणसात ४.५ ग्रॅम अल्ब्युमिनचा दाब सुमारे २२ मिलिमीटर पारा, २.५ ग्रॅम ग्लोब्युलिनचा ६, आणि फायब्रिनोजेनचा जेमतेम ०.२ असतो, म्हणजे एकूण २८. (रक्त गोठू देऊन काढलेल्या सीरममध्ये फायब्रिनोजेन उरतच नाही, पण या हिशेबात त्याने फरक पडत नाही.) याच प्रमाणाने बागायतदारांचा दाब ढोबळमानाने २२ येतो. बेरीज तीच, दाब मात्र सहाने कमी.

अंड्यांची गोष्ट वेगळी. अंड्यातील प्रथिन आतड्यात अमिनो आम्लांपर्यंत तुटते आणि अल्ब्युमिन नव्याने यकृतच घडवते, तेही दिवसाला सुमारे १० ते १५ ग्रॅम. त्याचे अर्धे आयुष्य जवळपास तीन आठवड्यांचे असल्याने आठ दिवसांत पातळी फारशी हलत नाही. यकृताच्या रुग्णाला पुरेसे प्रथिन हवेच, परंतु आक्रसलेले यकृत जास्त कच्चा माल मिळाला म्हणून त्या प्रमाणात जास्त अल्ब्युमिन बनवत नाही. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये तर मूत्रपिंडाच्या चाळणीतून दिवसाला साडेतीन ग्रॅमहून अधिक प्रथिन लघवीवाटे जाते, आणि आहारात जादा प्रथिन ओतले की ही गळती वाढते.

संदेशाच्या पहिल्या वाक्यातही अर्धेच सत्य आहे. जन्मतःच अल्ब्युमिन जवळजवळ नसलेल्या दुर्मिळ व्यक्तींना बहुधा सौम्यच सूज येते, कारण इतर प्रथिने काही भरपाई करतात. उलट हृदय कमकुवत झाले की शिरांतील दाब चढतो आणि अल्ब्युमिन ४.५ असूनही पाय सुजतात. म्हणून सूज असलेल्याने अल्ब्युमिनची ओळ स्वतंत्र वाचावी आणि लघवीतील प्रथिनही तपासून घ्यावे; एकाच पायाला अचानक सूज आणि दुखणे असेल, तर शिरेत गुठळी नाही ना हे त्याच दिवशी डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.