स्लीपिंग बॅगवरचा ‘मायनस १०’ नेमका कुणाचा?

“बॅगेवर मायनस १० लिहिलं असेल तर मायनस १० पर्यंत बिनधास्त झोपा. कम्फर्ट, लिमिट वगैरे सगळं कंपन्यांचं मार्केटिंग. आणि आत कपडे काढून झोपायचं, अंगाची ऊब बॅगेला मिळाली की बॅग आपोआप गरम होते.”

डिसेंबरमध्ये उत्तराखंडात केदारकंठाच्या ट्रेकला निघालेल्या प्रत्येक ग्रुपमध्ये हा सल्ला फिरतो. तो ऐकून गेलेली मुलं पहाटे तंबूत बसून उजाडायची वाट बघताना मी पाहिली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी मार्केटिंगचा. हे आकडे कंपनीच्या मनातून येत नाहीत. त्यासाठी युरोपात २००२ पासून ईएन १३५३७ हे मानक होतं, नंतर त्याची जागा आयएसओ २३५३७ ने घेतली. चाचणी अशी होते: थंड केलेल्या खोलीत माणसाच्या मापाचा, आतून गरम होणारा पुतळा बॅगेत झोपवतात. त्याचं अंग ठरावीक तापमानाला ठेवायला किती वीज लागते ते मोजतात, आणि त्यावरून बॅग ऊब किती धरून ठेवते हे कळतं. तापमानाचे आकडे त्यापुढच्या गणितातून निघतात. उलट, बॅगेवर या मानकाचा उल्लेखच नसेल आणि नुसता मोठा ‘-10’ छापलेला असेल, तर तो आकडा कुठून आला हे आपल्याला कळायला मार्ग नाही. मार्केटिंग म्हणायचंच असेल तर त्याला म्हणा.

आता त्या मायनस १० चा अर्थ. मानकाप्रमाणे तपासलेल्या एकाच बॅगेला थंडीचे तीन आकडे मिळतात. समजा कम्फर्ट मायनस ४, लिमिट मायनस १० आणि एक्स्ट्रीम मायनस २८. कम्फर्टचं गणित ६० किलो वजनाच्या प्रमाण स्त्रीसाठी केलेलं असतं: ती हातपाय सैल सोडून पडली आहे आणि तिला थंडी वाजत नाही. लिमिटचं गणित ७० किलोच्या प्रमाण पुरुषासाठी: तो गुडघे पोटाशी घेऊन मुटकुळं करून पडला आहे, अंग थंडीशी झुंजतंय, पण अजून कुडकुडायला लागलेलं नाही. म्हणजे लिमिट ही कड आहे. तिच्यापाशी माणूस रात्र काढतो, त्याला सुखाची झोप म्हणता येत नाही. एक्स्ट्रीमला तर अंगाचं तापमान धोकादायक उतरण्याचीच भीती असते, त्यामुळे खरेदी करताना तो आकडा मी वाचतच नाही.

बायकांनी कम्फर्ट बघावा आणि पुरुषांनी लिमिट, असाही अर्थ काढला जातो. तो घातक आहे. ज्याला घरी पंख्याखाली पांघरूण लागतं त्या पुरुषाने कम्फर्टच बघावा. शिवाय गणितातला माणूस दिवसभर बर्फात चालून दमलेला नसतो आणि त्याचं जेवण अर्धवट राहिलेलं नसतं. आपलं दोन्ही झालेलं असतं.

पण सगळ्यात मोठी गफलत वेगळीच आहे, आणि ती मी स्वतः केली. केदारकंठाच्या वरच्या कॅम्पला, सुमारे ११ हजार फुटांवर, मी आणि माझी धाकटी बहीण एकाच तंबूत होतो. दोघांच्या बॅगा एकाच मॉडेलच्या, वर दिलेल्याच आकड्यांच्या. रात्री बाहेर मायनस ७ होतं, तंबूत लटकवलेला थर्मामीटर पहाटे पाचला मायनस ४ दाखवत होता. माझ्या हिशेबाने लिमिटपासून मी सहा अंश सुरक्षित होतो. तरी दोन वाजल्यापासून मी जागा. ती मात्र शांत झोपलेली.

फरक खाली होता. तिच्याकडे आतून इन्सुलेशन असलेली, फुगवायची मॅट होती, आर-व्हॅल्यू, म्हणजे थंडी अडवण्याच्या ताकदीचा आकडा, ४ च्या वरची. माझ्याकडे १० मिलिमीटरची फोमची गुंडाळी, जिची आर-व्हॅल्यू फार तर दीड. प्रयोगशाळेतला पुतळासुद्धा चांगल्या जाड मॅटवर झोपवलेला असतो, आर-व्हॅल्यूच्या भाषेत जवळपास ५ ची. बॅगेवरचा आकडा त्या मॅटसकट मिळालेला असतो. आपण अंगाखाली घेतलेला बॅगेचा भाग वजनाने दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि तो भाग जवळजवळ निकामी होतो. मग खालची थंडी अडवायला फक्त मॅट उरते. थंडी कुठून येतेय हे ओळखणं सोपं आहे: खांदा आणि कंबर जमिनीच्या बाजूने गार पडत असतील आणि कूस बदलल्यावर नवी बाजू गार पडत असेल, तर दोष मॅटचा. वरून, छातीपासून मांड्यांपर्यंत सगळीकडे सारखीच थंडी असेल तर बॅग कमी पडतेय. मानेपाशी गार झुळूक लागत असेल तर हूडची आणि कॉलरची दोरी ओढायची राहिली आहे.

मी त्या रात्री रिकामी सॅक कंबरेखाली सरकवली आणि थोडं भागलं. दुसऱ्या दिवशी कॅम्पवरून तसलीच आणखी एक फोम मॅट मागून घेतली. एकावर एक ठेवलं की आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, म्हणजे माझी साधारण ३ झाली. बॅग तीच, थंडी तितकीच, आणि मी सकाळच्या चहापर्यंत झोपलो.

राहिला कपडे काढण्याचा मुद्दा. तो पुतळाच मुळी कपडे घालून झोपलेला असतो: लांब बाह्यांचा बेस लेयर, खाली लांब पँट आणि पायात मोजे. त्यामुळे कपडे काढून झोपलात तर छापलेल्या आकड्याइतकीही ऊब मिळणार नाही. बॅग स्वतः उष्णता तयार करत नाही, ती फक्त अडवते, आणि कोरडे कपडे हा अडवणारा आणखी एक थर. या गैरसमजाच्या मुळाशी दोन खऱ्या गोष्टी आहेत. दिवसभराचे घामट, ओलसर कपडे आत घेऊन झोपलं तर ते वाळवण्यात अंगाची ऊब खर्च होते. आणि जाड जॅकेट घालून अरुंद बॅगेत कोंबून घेतलं तर बॅगेचं भरण आतून दाबलं जातं. म्हणून झोपण्याचा कोरडा जोड आणि कोरडे मोजे वेगळ्या पिशवीत ठेवावेत, आणि बॅग अंगाला घट्ट होत असेल तर जॅकेट वरून पसरावं. तोंड आत घेऊन श्वास सोडणंही टाळा, त्या वाफेने पहाटेपर्यंत बॅग ओलसर होते.

निवडताना मी कॅम्पवरचं अपेक्षित किमान तापमान घेतो आणि त्याची तुलना फक्त कम्फर्टशी करतो. मायनस ८ अपेक्षित असेल तर कम्फर्ट मायनस १० च्या आसपास बघतो, म्हणजे लिमिट मायनस १६ च्या आगेमागे येतं. सह्याद्रीतल्या थंडीसाठी असली बॅग नेऊ नका, हरिश्चंद्रगडावर जानेवारीतही घामाने भिजाल.

भाड्याची बॅग असेल तर लेबलवरचा आकडा ती नवी असतानाचा आहे हे धरून चाला. वारंवार धुवून आणि महिनोन्‌महिने दाबून ठेवून भरण बसतं. ट्रेक सुरू होतो त्या सांक्री गावात बॅग हातात आली की लगेच पिशवीतून काढून पसरा, झटका, आणि अर्ध्या तासाने बघा. ती फुगून वर आली नसेल किंवा उजेडासमोर धरल्यावर भरणाचे गोळे आणि मधे रिकामे पट्टे दिसत असतील, तर तिथेच बदलून मागा. वरच्या कॅम्पला बदलून द्यायला दुसरी बॅग नसते.