वर्गमूळ दोन: फिरत्या संदेशातील चार मुद्द्यांना उत्तर

"√२ अपरिमेय आहे, हा पुस्तकवाल्यांचा शब्दच्छल आहे. कॅलक्युलेटरवर १.४१४२१३५ असं स्वच्छ उत्तर येतं, म्हणजे तो अपूर्णांकच झाला. आपल्या बौधायनांनी तर ५७७/४०८ अशी अचूक किंमत देऊन ठेवली आहे. पुस्तकातली सिद्धता ४ ला लावून पाहा, √४ सुद्धा अपरिमेय ठरतं! आणि शेवटी 'सामाईक अवयव निघाला म्हणून विसंगती' म्हणे. अहो, निघाला तर भाग द्या आणि पुढे चला. मुलांना हे नक्की पाठवा."

इंदूरच्या मराठी घरांतून हा संदेश बरेच दिवस फिरतो आहे. शेजारची दहावीतली मुलगी तो मला दाखवून म्हणाली, "काका, √४ चं यांचं म्हणणं चुकलंय हे कळतं, पण कुठे चुकलंय ते सापडत नाही." तिची ही अडचण खरी आहे आणि तिला उत्तर मिळायला हवे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

अपरिमेय म्हणजे दोन पूर्ण संख्यांचा अपूर्णांक म्हणून लिहिता न येणारी संख्या. कॅलक्युलेटरपासून सुरुवात करू. दुकानात वापरतात त्या साध्या आठ अंकी कॅलक्युलेटरवर जे उत्तर दिसते, ते तसेच्या तसे पुन्हा टाइप करून स्वतःशीच गुणावे. पडद्यावर २ येत नाही, १.९९९९९९८ येते. कागदावर पूर्ण गुणाकार केला तर १.९९९९९९८२३५८२२५ मिळतात. यंत्राने आपल्या आठ घरांत मावले तेवढे अंक दाखवले आणि पुढचे सोडून दिले. घरे वाढवल्याने हे सुधारेल का? नाही, आणि त्याचे कारण शेवटच्या अंकात आहे. दशांश चिन्हानंतर कुठेतरी थांबणाऱ्या संख्येचा शेवटचा अंक १ ते ९ यांपैकीच असतो, कारण शेवटची शून्ये आपण लिहीत नाही. या नऊ अंकांच्या वर्गांचे शेवटचे अंक क्रमाने १, ४, ९, ६, ५, ६, ९, ४, १ असे येतात. त्यांत शून्य एकदाही नाही. म्हणून अशा संख्येच्या वर्गातही दशांश चिन्हानंतर शेवटी शून्येतर अंक उरतोच, आणि तो वर्ग नेमका २ होऊ शकत नाही, मग अंक आठ असोत की आठशे.

मात्र या युक्तिवादाने फक्त थांबणारे दशांश बाद होतात, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. १/३ सारखे अपूर्णांक कधी थांबत नाहीत, त्यांचे अंक पुन्हा पुन्हा येत राहतात. √२ तसा एखादा अपूर्णांक असेल, ही शक्यता अजून शिल्लक आहे, आणि सिद्धतेची गरज तिथे लागते.

बौधायनांविषयी मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या तोंडी भलता दावा घातलेला पाहवत नाही. यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या त्यांच्या शुल्बसूत्रातील वचन असे आहे: "प्रमाणं तृतीयेन वर्धयेत्तच्च चतुर्थेनात्मचतुस्त्रिंशोनेन सविशेषः". म्हणजे चौरसाच्या बाजूत तिचा तिसरा भाग मिळवावा, मग त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवावा, आणि या शेवटच्या भागातून त्याचाच चौतिसावा भाग वजा करावा. बाजू १ धरली तर १ + १/३ + १/१२ होतात १७/१२, म्हणजेच ५७८/४०८, आणि त्यातून १/४०८ वजा केला की ५७७/४०८ उरतात. आता ताळा पाहू. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९ आहे. ४०८ चा वर्ग १,६६,४६४ असून त्याची दुप्पट ३,३२,९२८ होते. फरक फक्त एकाचा आहे, पण तो आहे. दोरीने वेदी आखणाऱ्यासाठी ही किंमत अप्रतिम आहे: इंदूरचा राजवाडा, त्याच्यासमोरचा बगीचा आणि मागचा सराफा बाजार मावेल अशा एक किलोमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण या नियमाने काढला, तर चूक जेमतेम दोन मिलिमीटरची येईल. 'सविशेष' या शब्दाचा अर्थ काही अभ्यासक 'किंचित अधिक असलेला' असाच लावतात, आणि ही किंमत खरोखरच किंचित अधिक आहे.

या एकाच्या फरकाकडे नीट पाहण्यासारखे आहे. ३/२ घेतला तर ९ आणि ८, ७/५ घेतला तर ४९ आणि ५०, १७/१२ घेतला तर २८९ आणि २८८. अंशाचा वर्ग आणि छेदाच्या वर्गाची दुप्पट या दोन्ही पूर्ण संख्या आहेत, त्यामुळे त्यांच्यातला फरक एक तर शून्य असतो, नाही तर किमान एक. अपूर्णांक मोठमोठे घेत गेलो तर चुकीचा वाटा कमी होतो, पण हा एक काही हटत नाही. तो कधीच शून्य का होत नाही, हेच सिद्धता सांगते.

सिद्धतेसाठी अंशाला अ आणि छेदाला छ म्हणू, आणि अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात घेऊ, म्हणजे अ आणि छ यांना १ खेरीज सामाईक विभाजक नाही. (मराठी पुस्तकांत अशा जोडीला सहमूळ म्हणतात, इंदूरच्या शाळेत हिंदीतून शिकणारी आमची शेजारीण तिला सह-अभाज्य म्हणते. गोष्ट एकच आहे.) अपूर्णांकाचा वर्ग २ असेल तर अ² = २छ² हे खरे असायला हवे. उजवी बाजू सम आहे, म्हणून अ² सम आहे. विषम संख्येचा वर्ग विषमच येतो, कारण (२क + १)² = ४क² + ४क + १, आणि यात शेवटचा १ सुटा राहतो. म्हणून अ विषम असू शकत नाही, तो सम आहे. मग अ = २क लिहिले की ४क² = २छ², म्हणजेच छ² = २क², आणि त्याच कारणाने छ देखील सम ठरतो. पण अ आणि छ दोघेही सम असतील तर अपूर्णांक अतिसंक्षिप्त नव्हताच. म्हणजे ज्याचा वर्ग २ आहे असा अतिसंक्षिप्त अपूर्णांक अस्तित्वात नाही.

आता √४ कडे येऊ, कारण संपूर्ण संदेशात विचार करण्याजोगा मुद्दा हाच आहे. वरची सिद्धता ओळ न् ओळ ४ साठी लिहून पाहावी. अ² = ४छ². उजवी बाजू सम आहे, म्हणून अ सम आहे. इथपर्यंत सगळे खरे. अ = २क ठेवले की ४क² = ४छ², म्हणजे क² = छ². आणि इथे वाट संपते. छ सम आहे असे म्हणायला या समीकरणात काहीही आधार नाही, कारण उजवीकडच्या ४ मधले दोन्ही २ हे अवयव अ² मधल्या दोन २ नी संपवून टाकले. अ = २ आणि छ = १ घेतले तर प्रत्येक ओळ बिनतक्रार जुळते, आणि √४ = २ हेच तर आपल्याला ठाऊक आहे. सिद्धता ४ ला लागू होत नाही, आणि ती जिथे लागू होत नाही तिथे स्वतःहून थांबते.

मग √४ अपरिमेय 'सिद्ध' करणाऱ्याने काय केले असेल? सम-विषम सोडून त्याने असे लिहिलेले असते: "४ ने अ² ला भाग जातो, म्हणून ४ ने अ ला भाग जातो." हे वाक्य दिसायला पुस्तकातल्यासारखे आहे, पण खोटे आहे. ६ चा वर्ग ३६, त्याला ४ ने भाग जातो, ६ ला जात नाही. ४ म्हणजे २ × २, आणि वर्गात अ दोनदा येत असल्यामुळे त्यातला एक २ पहिल्या अ मधून आणि दुसरा २ दुसऱ्या अ मधून येऊ शकतो. २ ही मूळ संख्या आहे, तिचे असे दोन तुकडे होत नाहीत, म्हणून तिच्यासाठी ती पायरी पक्की आहे. उत्तरपत्रिकेत √३ ची सिद्धता लिहिताना मुले हीच पायरी न तपासता उतरवतात, कधी तर 'सम' हा शब्दही तसाच राहतो. तिथे तपासणी वेगळी आहे: ३ ने भागल्यावर बाकी १ किंवा २ उरणाऱ्या संख्यांच्या वर्गांना ३ ने भागल्यास बाकी १ च उरते, म्हणून वर्गाला ३ ने भाग गेला तर संख्येलाही जातोच. कोणत्याही संख्येसाठी ही सिद्धता वापरायची असेल तर एवढी एकच पायरी आधी तपासून घ्यावी.

उरला भाग देऊन पुढे जाण्याचा सल्ला. तो ऐकून पाहू. समजा अ² = २छ² असणारी एखादी जोडी आहे, आणि दोघेही सम निघाले. दोघांना २ ने भागले. अपूर्णांकाची किंमत बदललेली नाही, म्हणून नव्या जोडीलाही तेच समीकरण लागू आहे, आणि त्याच युक्तिवादाने नवी जोडीही सम निघते. पुन्हा भागले, पुन्हा सम. हे कुठेच थांबू शकत नाही. पण नैसर्गिक संख्या कितीही वेळा अर्धी होत नाही. ९६/६४ ला पाच वेळा २ ने भागले की ३/२ येऊन ३ विषम निघतो. दहा अंकी संख्या घेतली तरी ती जास्तीत जास्त ३३ वेळा अर्धी होईल, त्यापुढे नाही. प्रत्येक संख्येला अशी मर्यादा आहे आणि समीकरण मात्र अमर्याद वेळा अर्धे करायला सांगते. अतिसंक्षिप्त रूपापासून सुरुवात करण्यात कसलीही चलाखी नाही. जिथवर भाग देता येतो तिथवर आधीच देऊन घेतलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ.

त्यामुळे समोर ठेवलेला कोणताही अपूर्णांक हाताने तपासता येतो. त्याला अतिसंक्षिप्त करावे. अंश विषम असेल तर त्याचा वर्ग विषम, आणि छेदाच्या वर्गाची दुप्पट सम. जुळणे शक्य नाही. ५७७/४०८ तर वर्ग करण्याआधीच बाद होतो, आणि कॅलक्युलेटरची किंमत संक्षिप्त केली की २८२८४२७/२०००००० होते, तिचाही अंश विषम. अंश सम असेल तर छेद विषम असणारच. मग अंशाच्या वर्गाला ४ ने भाग जातो, पण विषम वर्गाच्या दुपटीला फक्त २ ने जातो.

शेजारच्या मुलीने यावर स्वतः एक अपूर्णांक काढला: १.४१४१४१… असा अखंड आवर्ती दशांश, म्हणजे १४०/९९. अंश सम, छेद विषम. १४० चा वर्ग १९६००, ९९ चा वर्ग ९८०१ आणि त्याची दुप्पट १९६०२. पहिल्याला ४ ने भाग जातो, दुसऱ्याला जात नाही.