बाटलीतलं लिंबूपाणी आणि माझ्या मामेभावाची दाढ

"जेवताना काही पिऊ नका, जठराग्नी विझतो. त्यापेक्षा लिंबूपाणी बाटलीत भरून ठेवा आणि दिवसभर घोट घोट प्या. लिंबू चवीला आंबट असलं तरी शरीरात गेल्यावर अल्कलाइन होतं, त्यामुळे दातांना उलट फायदाच. साखरेऐवजी गूळ घाला, गूळ दाताला लागत नाही. भीती वाटली तर पिऊन झाल्यावर लगेच ब्रश करा. दहा जणांना पाठवा."

हा मेसेज मला आतापर्यंत चार जणांनी पाठवलाय, त्यातली चौथी माझी आई. मी फोंड्यात दातांचा दवाखाना चालवते हे तिला माहीत आहे, तरीही "बघ गो, कामाचं आहे" असं वर लिहून. मी तेव्हा एक अंगठा टाकून सोडून दिलं. चूक माझीच, तेव्हाच बोलायला हवं होतं.

कारण यंदाच्या चवथीला डिचोलीला मामाकडे गेले तर मामेभाऊ थंड पाण्याचा पेला तोंडाला लावतो आणि लगेच गाल धरून बसतो. मोपा विमानतळावर टॅक्सी चालवतो तो. म्हटलं आ कर बघू. सोप्यावर बसवून मोबाईलच्या टॉर्चवर पाहिलं. खालची डावी दाढ, तिच्यात दहाएक वर्षांपूर्वी भरलेली चांदी आहे, आणि ती चांदी दाताच्या वर उठून उभी, भरती ओसरल्यावर खडक उघडा पडतो ना तशी. चांदी वाढत नाही हो. तिच्या भोवतालचा दात खाली गेलाय. शेजारच्या दाढेच्या टोकांवर छोटे छोटे खळगे, तळाशी पिवळं दिसणारे, आणि वरच्या पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या निळसर, आरपार उजेड जाणाऱ्या. कीड कुठेच नाही, सगळं कसं गुळगुळीत, चकचकीत. हे ब्रश घासून झालेलं नसतं, ते हिरडीजवळ खाचा पाडतं. पित्त उलटून वर येणाऱ्यांचं असंच होतं पण तिथे बहुतेकदा वरच्या दातांची आतली बाजू जास्त गेलेली असते, आणि ह्याला तसला त्रासही नाही. विचारलं काय पितोस रे दिवसभर, तर म्हणतो, "ताई, चांगलंच पितो, आत्याने पाठवलेलं ते."

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून. म्हणजे दीड वर्ष.

आता त्या अल्कलाइनवाल्या वाक्याकडे येते, कारण बाकी सगळी इमारत त्याच्यावरच उभी आहे. अर्धं खरं आहे, कबूल करते, नाखुशीने. लिंबातलं सायट्रिक आम्ल पोटातून रक्तात जातं, तिथे शरीर ते जाळतं आणि शेवटी लघवी थोडी अल्कलाइन होते. काही जातींच्या मुतखड्यासाठी डॉक्टर सायट्रेट देतात ते ह्यामुळेच. पण बाबांनो, दात मूत्रपिंडाच्या पुढे नसतात, तोंडात असतात. लिंबूपाणी दाताला लागतं तेव्हा ते अजून लिंबूपाणीच असतं, पुढे त्याचं काय होणार आहे ह्याच्याशी दाताला काय करायचंय? उकळता चहा पोटात जाऊन कोमट होतो म्हणून जीभ भाजत नाही असं कोणी म्हणत नाही.

तोंडात काय होतं ते सांगते. दाताचं वरचं आवरण, इनॅमल, हे कॅल्शियम आणि फॉस्फेटचं बनलेलं. लाळेत हीच दोन द्रव्यं भरपूर असतात म्हणून एरवी दात तिच्यात विरघळत नाही. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त. तो साधारण 5.5 च्या खाली गेला की तोल सुटतो आणि इनॅमलमधून ती बाहेर पडायला लागतात. लिंबाचा नुसता रस दोन-सव्वादोनवर असतो, दोन लिंबं पिळलेलं एक लिटर पाणी तीनच्या आसपास. पाणी घातलं की सौम्य झालं असं वाटतं पण पीएचचा एक आकडा म्हणजे दहापट, तेव्हा तीन आणि साडेपाच ह्यांत शेकडो पटींचं अंतर आहे. त्यात सायट्रिक आम्लाची आणखी एक खोड, ते कॅल्शियमला पकडून घेऊन जातं, म्हणून नुसत्या पीएचवरून अंदाज केला तर कमीच पडतो. ह्याला जंतू लागत नाहीत, साखर लागत नाही. म्हणून "मी तर साखर घालतच नाही" ह्याने झीज थांबत नाही. आणि नैसर्गिक असल्याने काही फरक पडत नाही, कोकमाचं आगळ पण तितकंच नैसर्गिक आहे आणि तितकंच आंबट.

मग आमच्या आज्या आयुष्यभर सोलकढी प्यायल्या त्यांचं काय, असं कोणीतरी विचारणारच. त्या भातासोबत प्यायल्या, वाटीभर, आणि हात धुऊन उठल्या. बाटलीत घालून विमानतळाच्या रांगेत नऊ तास चघळत बसल्या नाहीत. सगळी गंमत इथेच आहे, किती प्यायलं ह्यापेक्षा किती वेळा दाताला लागलं.

भावाचा हिशोब मांडून दाखवते, त्याच्यासमोर कागदावर मांडला तसाच. एक लिटरची बाटली, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. एक घोट पंचवीस मिली धरला तर चाळीस घोट. नऊ तासांची 540 मिनिटं, म्हणजे दर तेरा-चौदा मिनिटांनी एक. प्रत्येक घोटानंतर लाळ ते आम्ल धुऊन काढायला दोनच मिनिटं घेते असं उदारपणे धरू (कोरड्या तोंडात जास्तच लागतात), तरी ऐंशी मिनिटं रोज दात आम्लात. तेच लिटर दोन जेवणांत दोन दोन ग्लास करून प्यायला असता, प्रत्येक वेळी दहा मिनिटांत, तर वीस मिनिटं आणि वर थोडी. लिंबं तेवढीच, पाणी तेवढंच. हा माझा कागदावरचा अंदाज आहे, प्रयोगशाळेतलं माप नव्हे, पण चौपटीचा फरक कुठून येतो ते कळतं ना.

आणि जेवणाचा दुसरा फायदा लाळेचा. गप्प बसलेलं असताना लाळ मिनिटाला साधारण 0.3 मिली सुटते, चावायला लागलं की चार-पाच पट, शिवाय ती जास्त अल्कलाइन असते (हे घ्या तुमचं अल्कलाइन). भाऊ एसी लावून बसायचा, तहान लागली की घोट, म्हणजे नेमकं तोंड कोरडं पडलेलं असताना आम्ल. सगळ्यात वाईट वेळ निवडून. रात्रीच्या फ्लाइटचं भाडं असलं की जागं राहायला आणखी अर्धी बाटली.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या लोकांनी दातांची बरीच झीज झालेले 300 जण आणि तशी झीज नसलेले 300 जण घेऊन त्यांच्या खाण्यापिण्याच्या सवयी विचारल्या, 2018 मध्ये त्यावरचा लेख ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये आला. दोन जेवणांच्या मधे दिवसातून दोनदा किंवा जास्त वेळा आंबट पेयं, त्यात लिंबाची चकती घातलेलं पाणी सुद्धा आलं, पिणाऱ्यांमध्ये झीज असण्याची शक्यता अकरापटीहून जास्त निघाली. तीच पेयं जेवणासोबत घेतली तर आकडा निम्म्यावर. निम्मा म्हणजे शून्य नाही, हेही लक्षात घ्या. पिण्याआधी तोंडात धरून ठेवणं, खुळखुळवणं ह्यानेही धोका वाढला. आता हा विचारपूस करून केलेला अभ्यास आहे, लोकांना आठवतं तेवढंच ते सांगतात, आणि ह्यावरून कारण शंभर टक्के सिद्ध होत नाही. पण दाताचं रसायन जे सांगतं तेच माणसांमध्ये दिसतंय, आणि मेसेज नेमकं त्याच्या उलटं करायला सांगतोय.

गुळाचं थोडक्यात. गूळ म्हणजे बहुतांश सुक्रोज, साखर तेच. तोंडातले जंतू गूळ की साखर हे बघत नाहीत, खातात आणि स्वतः आम्ल करतात, आणि ते आम्ल दातावरच्या थरात अडकून राहतं म्हणून पीएच परत वर यायला अर्धा तास ते तासभर लागतो. दर तेरा मिनिटांनी घोट घेणाऱ्याचा तो कधी वर येणार? भाऊ एक चमचा गूळ घालायचा. कीड अजून नाही हे त्याचं नशीब आणि रात्रीचा ब्रश.

जठराग्नी वगैरे मी सोडून देते, जेवताना ग्लासभर पाण्याने काही विझत नाही.

पण ब्रशचं सोडणार नाही, कारण हे वाचून माणूस आपल्या भल्यासाठी दात आणखी घासतो. आम्ल लागल्या लागल्या इनॅमलचा वरचा पापुद्रा मऊ झालेला असतो, आणि प्रयोगशाळेत स्पष्ट दिसतं की तेव्हा ब्रश फिरवला तर तो खरवडला जातो. किती वेळ थांबायचं ह्यावर आमच्यातही वाद आहेत, अर्धा तास म्हणतात पण लाळेला तो थर परत टणक करायला त्याहून बराच वेळ लागतो, काहीजण तर म्हणतात थांबून विशेष फरक पडत नाही. मी लोकांना सांगते की आंबट घेतल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, ब्रश सकाळी उठल्यावर नाश्त्याच्या आधी आणि रात्री झोपताना, फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश. भावाने मात्र मेसेज अगदी मनावर घेतला होता, गाडीत डॅशबोर्डच्या कप्प्यात ब्रश आणि पेस्ट. दिवसातून चारदा, विमानतळाच्या बेसिनवर. मला हसावं की रडावं कळेना.

एक गोष्ट मेसेजमध्ये बरोबर आहे, दिवसभर घोट घोट प्यायचं असेल तर प्या, उन्हात गाडी चालवणाऱ्याने प्यायलाच हवं. फक्त साधं पाणी. चवच हवी असेल तर घट्टसर ताक, मीठ-जिरं घालून. तेही आंबटच, पण दह्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की दातातून ओढून घ्यायला त्याला जागाच उरत नाही, म्हणून दह्याने इनॅमल विरघळत नाही. फार पाणी घालून पातळ केलंत तर मात्र तो फायदाही पातळ होणार. स्ट्रॉने थोडा फरक पडतो, पण तो जिभेच्या मागच्या बाजूला ठेवला तर, पुढच्या दातांना टेकवून नव्हे.

भावाच्या दाढेतले खळगे मी दातरंगी मसाल्याने भरले, ठणका गेला. गेलेलं इनॅमल परत येत नाही हे त्याला दोनदा सांगावं लागलं, त्याला वाटत होतं लिंबू बंद केलं की भरून येईल, नखासारखं. झीज थांबली की नाही हे एका दिवसात कळत नाही म्हणून त्याच्या दातांचे फोटो आणि ठसे घेऊन ठेवलेत, सहा महिन्यांनी परत घेऊन शेजारी ठेवून बघणार, चांदीची कड आणखी वर आलेली दिसली तर समजायचं की बाटलीत अजून काहीतरी आहे. सध्या तरी म्हणतो साधं पाणी असतं, आणि लिंबू दुपारी ताटात माशावर पिळतो.