खड्डा सापडू नये असे पत्र कसे लिहावे

रस्त्यावरच्या खड्ड्यात दुचाकीसह पडल्यानंतर महापालिकेला पत्र लिहावेसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि ही इच्छा आपण दाबून टाकावी असे मी म्हणणार नाही. फक्त पत्र असे लिहावे की ते वाचणाऱ्याला खुर्चीवरून उठण्याची तसदी पडू नये. त्यासाठी एक वाक्य पुरते: ‘आमच्या भागातील रस्त्यांची चाळण झाली असून तरी आपण योग्य ती कार्यवाही करावी, ही विनंती.’ यात ठिकाण नाही, तारीख नाही, खड्डाही नाही. शिवाय ‘योग्य ती कार्यवाही’ कोणती हे ठरवण्याचा अधिकार आपण मोठ्या मनाने कार्यालयालाच बहाल केलेला असतो, आणि पत्र दप्तरी दाखल करणे हीसुद्धा एक कार्यवाहीच आहे.

माझ्या हातून नेमकी उलटी चूक झाली. मंगळवार, ८ जुलै २०२५ रोजी संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी, पावसाची भुरभुर चालू असताना, रस्त्याच्या डाव्या बाजूला, दिव्याच्या खांब क्रमांक ३१ पासून साधारण सहा पावलांवर माझ्या स्कूटरचे पुढचे चाक खड्ड्यात गेले आणि माझे डावे मनगट मोडले. हे सारे मी याच क्रमाने पत्रात लिहिले. खांबाचा क्रमांक तर लिहायलाच नको होता. ‘औषधाच्या दुकानासमोर’ एवढ्यावर भागवले असते, तर त्या रस्त्यावर औषधाची चार दुकाने असल्याने पाहणीला येणाऱ्या कनिष्ठ अभियंत्यांना चार दिवस सहज मिळाले असते.

छायाचित्रांबाबत आपण विशेष काळजी घ्यावी. पडल्या पडल्या, खड्डा पाण्याने काठोकाठ भरलेला असताना एकच फोटो काढावा. त्यात फक्त डबके दिसते, आणि डबक्याची तक्रार कोणी मनावर घेत नाही. त्यानंतर तो व्हॉट्सअ‍ॅपवर भाच्याला, भाच्याने मामीला आणि मामीने सोसायटीच्या गटावर पाठवावा, म्हणजे फोटोच्या पोटात नोंदलेली तारीख आणि वेळ वाटेतच गळून पडते. माझा भाचा दुर्दैवाने इंजिनिअरिंगला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी ओसरल्यावर तो लाकडी फूटपट्टी घेऊन गेला, ती खड्ड्यात उभी धरली, काठावर माझे हेल्मेट ठेवले आणि दोन फोटो काढले. जवळून काढलेल्या फोटोत पट्टीवर १४ सेंटीमीटर स्पष्ट वाचता येतात, तर लांबून काढलेल्या फोटोत खड्डा, दुकानाची पाटी आणि खांबावर रंगवलेला ३१ हा आकडा एकाच चौकटीत बसले आहेत. मूळ फोटो त्याने फोनमधून पुसलेही नाहीत. असे नातेवाईक असतील तर फोटो स्वतःच काढावेत.

रुग्णालयातही गाफील राहू नये. केसपेपर लिहिणारा ‘काय झालं?’ असे विचारतो, तेव्हा ‘पडलो’ एवढेच सांगून कण्हत राहावे. ‘रस्त्यावरील खड्ड्यात दुचाकी आदळून पडल्याने’ हे शब्द एकदा कागदावर आले, की मनगट आणि खड्डा यांचे नाते जुळते आणि पुढे ते नाकारणे कार्यालयाला अवघड जाते.

पत्र देण्याची उत्तम रीत म्हणजे ते ओळखीच्या माणसाच्या हाती देऊन निर्धास्त होणे. आवक-जावक विभागात जाऊ नये; गेलात तरी दुसरी प्रत नेऊ नये. मी नेली होती. ‘साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा,’ असे सांगण्यात आले, पण मी प्लास्टर घातलेला हात टेबलावर ठेवून तिथेच उभा राहिलो. शेवटी त्या गृहस्थांनी वाळलेल्या स्टॅम्पपॅडवर शिक्का घासला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि माझ्या प्रतीवर तो असा काही उमटवला की ‘महा’ आणि ‘जुलै’ तेवढे दिसावे. आवक क्रमांक पेनाने लिहून द्यावा, अशी विनंती केल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती खड्ड्यापेक्षा खोल होती.

यानंतर उत्तरे येऊ लागतात, आणि ती सावकाश, आदरपूर्वक स्वीकारावीत. मला पहिले उत्तर आले की सदर रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा आहे. त्या विभागाने कळवले की तो महापालिकेकडे हस्तांतरित झाला आहे. मग पथ विभागाने सांगितले की खोदाई पाणीपुरवठा विभागाने केली होती. अशा वेळी काही विघ्नसंतोषी लोक माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, एकाच विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत अर्ज करतात, आणि त्या रस्त्याचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी आणि ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो, एवढेच विचारतात. हा कालावधी चालू असला तर खड्डा ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने बुजवायचा असतो. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागणारा असला प्रश्न विचारून कोणाला कोंडीत पकडणे हे आपल्यासारख्या सुसंस्कृत माणसाला शोभत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घाई करू नये. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ नुसार महापालिकेवर दावा लावायचा तर एक महिना आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. तीन विभागांची तीन उत्तरे यायला किती दिवस लागतात, याचा हिशेब आपणच करावा. साधी विनंती म्हणजे नोटीस नव्हे, हेही शक्यतो वकिलाला न विचारता सहा महिन्यांनंतरच कळून घ्यावे. त्यात १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमी झाल्यास दुखापतीच्या प्रमाणात ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, त्यासाठी महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती असावी, आणि लक्षात आणून दिलेला खड्डा ४८ तासांत बुजवावा, असा आदेश देऊन बसवलेली घडी विस्कटली आहे. कोणत्या तासापासून ४८ मोजायचे, हे माझ्या प्रतीवरच्या त्या अर्धवट शिक्क्यावरून ठरते. म्हणून पोच घेऊ नका म्हणतो.

आता खड्ड्याची हकिकत. पत्र दिल्यावर तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्यात फुटक्या पेव्हर ब्लॉकचे तुकडे आणि मुरूम लोटून वरून फावडे थोपटले. काठ चौकोनी कापणे, आतला गाळ झाडून काढणे, डांबर शिंपडून त्यावर खडीमिश्रित डांबर दाबणे, यांपैकी काहीही घडले नाही. दुसऱ्या दिवशी पाहणी होऊन ‘प्रत्यक्ष स्थळपाहणी केली असता खड्डा आढळून आला नाही’ असा अहवाल तयार झाला, आणि तो त्या दिवसापुरता अगदी खरा होता. आठवड्याभरात पावसाने मुरूम वाहून नेला, तुकडे मात्र रस्त्यावर पसरले, त्यामुळे पूर्वी जिथे फक्त आदळता येत असे तिथे आता घसरण्याचीही सोय झाली. भाच्याने त्याच जागेवरून, त्याच चौकटीत, खांबासकट आणखी तीन फोटो काढले आणि ते तारीखवार लावून मी स्मरणपत्राला जोडले.

त्यावर मोबाईलवर संदेश आला: ‘आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.’ सोबत पुरावा म्हणून काळ्याभोर, गुळगुळीत डांबराचा फोटो होता. काठ चौकोनी कापलेले, दाबणी व्यवस्थित, काम खरोखरच चोख होते. मागे दिव्याचा खांब होता आणि त्यावर ४७ हा आकडा रंगवलेला होता. पुढच्या स्मरणपत्रात मी खांब क्रमांक ४७ असे लिहिणार आहे. न जाणो, या हिशेबाने ३१ जवळचा बुजेल.